जुन्याच मेलला उत्तर द्यावं की नव्या विषयाने नवी मेल काढावी?

वामन_ठाणे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या कार्यकारी समितीचं बरंचसं कामकाज ई-मेलवर चालतं. गेल्या वर्षी ‘लिफ्ट एएमसी नूतनीकरण’ या विषयाने सुरू झालेला ट्रेल आता साठ मेलच्या पुढे गेला आहे. समितीचे सात जण, मॅनेजर, मध्येच सीसीत घेतलेले लिफ्ट कंपनीचे इंजिनियर आणि आता समितीत नसलेले दोन माजी सदस्य, एवढी मंडळी त्यात आहेत.

आता बी विंगच्या लिफ्टचे रोप बदलायचे आहेत. कंपनीचं १,८४,००० रुपयांचं कोटेशन आलं आहे आणि त्यावर समितीची मंजुरी मेलवरच घ्यायची आहे. खजिनदार म्हणतात, त्याच ट्रेलमध्ये टाका म्हणजे लिफ्टचा सगळा इतिहास एका जागी राहील. मला नवी मेल काढावीशी वाटते, पण कारण नीट सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. समितीत बहुतेकांचं जीमेल आहे, दोघांचं ऑफिसचं आउटलुक आणि एकांचं थंडरबर्ड.

---

शिल्पा_औंध

सोपं आहे. जुन्या मेलला रिप्लाय करायचा आणि विषय बदलायचा. जीमेलमध्ये रिप्लाय दाबल्यावर नावाशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की ‘Edit subject’ येतं. विषय बदलला की नवा ट्रेल तयार होतो. नावं पुन्हा टाइप करायला नकोत आणि इतिहासही खाली राहतो.

---

टर्मिनल

शिल्पाताई, जीमेलपुरतं तुमचं अर्धं बरोबर आहे. पण वामनरावांच्या बाबतीत नेमका हाच मार्ग टाळायला हवा.

रिप्लायचं बटण दाबलं की जुन्या मेलमधून तीन गोष्टी नव्या मेलमध्ये येतात. पहिली नावांची यादी, दुसरी खालचा सगळा जुना मजकूर आणि तिसरी डोळ्यांना न दिसणारी, ती हेडरमध्ये असते:

```
Message-ID: <b2@example.org>
In-Reply-To: <a1@example.org>
References: <a1@example.org>
Subject: Re: लिफ्ट एएमसी नूतनीकरण
```

प्रत्येक मेलला स्वतःचा `Message-ID` असतो. रिप्लाय करताना ज्या मेलला उत्तर दिलं तिचा आयडी `In-Reply-To` मध्ये येतो आणि `References` मध्ये मागच्या सगळ्या आयडींची माळ लागते. तुम्ही विषय बदललात तरी या दोन ओळी तशाच राहतात.

थंडरबर्ड ही माळ बघून मेल लावतं. त्यामुळे तुमच्या त्या एका सदस्याला ‘रोप बदलणे’ ही मेल जुन्या साठ मेलच्या झाडाखाली एका फांदीवर दिसेल. त्यांनी ते झाड मिटवून ठेवलं असेल तर दिसणारही नाही. जीमेल माळेबरोबर विषयही जुळवतं, म्हणून तिथे विषय बदलताच संवाद वेगळा होतो. म्हणजे एकाच समितीत जीमेलवाल्यांना नवी मेल दिसते आणि थंडरबर्डवाल्यांना जुनीच. मग ‘मला मेल मिळालीच नाही’ असं कुणी म्हणालं तर ते प्रामाणिकपणे म्हणत असतात.

आणि विषय बदलल्याने पहिल्या दोन गोष्टी अजिबात बदलत नाहीत. नावं तीच, खालचा मजकूर तोच.

---

वामन_ठाणे

खालचा मजकूर राहिला तर बिघडतं काय? खजिनदारांना तोच तर हवा आहे.

---

टर्मिनल

तुमच्याच ट्रेलचा विचार करा. एएमसी ठरवताना दुसऱ्या कंपनीचे दर कुणी तरी मेलमध्ये लिहिले असतीलच. ‘याला अजून थोडं खाली आणता येईल’ असंही कुणी लिहिलं असेल. इंजिनियर नंतर सीसीत आले, पण त्यांना आलेल्या पहिल्या मेलच्या खाली त्याआधीचा सगळा मजकूर होता. जीमेल तो तीन ठिपक्यांमागे झाकतं, म्हणून पाठवणाऱ्याला वाटतं की गेला नाही. तो गेलेला असतो. आता त्याच कंपनीच्या १,८४,००० च्या कोटेशनवर घासाघीस करायची चर्चा तुम्ही त्याच यादीवर रिप्लाय ऑल करून सुरू केलीत, तर समिती कितीपर्यंत तयार आहे हे समोरच्याला आधीच कळणार.

दोन माजी सदस्यांचा मुद्दा वेगळा. त्यांचा मंजुरीशी संबंध नाही, पण यादीत आहेत म्हणून त्यांचंही ‘माझी हरकत आहे’ येऊ शकतं. मग कुणाचं मत मोजायचं यावर नवा वाद.

---

काकडआरती

आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच घोळ होतो. जुना मेसेज डावीकडून उजवीकडे सरकवून रिप्लाय दिला की तो वर चिकटलेला दिसतो, त्यामुळे कशाबद्दल बोलतोय ते लगेच समजतं. मेलची गरजच काय? पोल टाका, पाच मिनिटांत निकाल.

---

वामन_ठाणे

काकडआरती, ग्रुपवर भाडेकरूसुद्धा आहेत, शिवाय समितीची मंजुरी नंतर सभेच्या इतिवृत्तात नोंदवायची असते. म्हणून मेलच हवी. प्रश्न मेलमधल्या ट्रेलचाच आहे.

---

दप्तरदार

सरकारी पत्रव्यवहारात या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीपासून आहे. मराठी कार्यालयीन पत्रात वर दोन वेगळ्या ओळी असतात, ‘विषय’ आणि ‘संदर्भ’. विषय म्हणजे हे पत्र आज कशासाठी आहे. संदर्भ म्हणजे याआधी काय झालं, पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांकासह. नवं काम निघालं की विषय नवा लिहायचा आणि जुन्या पत्रांना संदर्भात घ्यायचं. जुनं पत्र पुन्हा उतरवून काढत नाहीत.

मेलमध्ये संदर्भाची ओळ लिहायची सवय कुणाला नाही, म्हणून लोक ते काम रिप्लायच्या बटणाकडून करून घेतात. वामनरावांनी नवी मेल काढावी आणि पहिल्या दोन ओळी अशा लिहाव्यात:

विषय : बी विंग लिफ्टचे रोप बदलणे, १,८४,००० रुपयांच्या खर्चास मंजुरी

संदर्भ : ‘लिफ्ट एएमसी नूतनीकरण’ या विषयाची कंपनीची अमुक तारखेची मेल (करारात रोपचा समावेश आहे की नाही याबाबत)

खजिनदारांना हवा असलेला इतिहास एवढ्यात येतो. साठ मेलपैकी या निर्णयाला लागणारी बहुधा एकच मेल असेल, कॉम्प्रिहेन्सिव्ह करार आहे की रोप, मोटर वगैरे वगळून केलेला करार आहे, हे सांगणारी. ती शोधून काढण्याचं काम पाठवणाऱ्याने एकदाच करायचं. नाही तर सात जण आपापल्या मोबाइलवर साठ मेल चाळत बसतात, किंवा चाळतच नाहीत आणि ‘मंजूर’ लिहून मोकळे होतात.

---

मृण्मयी_क

दप्तरदार, हे पटलं. पण मग प्रत्येक वेळी नवी मेल काढायची का? आमच्या ऑफिसात उलटा त्रास आहे. एक जण प्रत्येक उत्तर नव्या मेलने पाठवतो. विषय ‘उत्तर’, मजकूर ‘हो, चालेल’. कशाला चालेल ते आम्ही शोधत बसतो.

---

दप्तरदार

नाही, प्रत्येक वेळी नाही. मी एकच कसोटी लावतो. ही मेल पाठवल्यावर जे उत्तर अपेक्षित आहे, ते जुन्या ट्रेलच्या पहिल्या मेलमध्ये विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर आहे का? असेल तर रिप्लाय. ‘एएमसीचा दर ठरला का’ याचं उत्तर एएमसीच्या ट्रेलमध्ये. ‘रोपला १,८४,००० द्यायचे का’ हा वेगळा प्रश्न, त्याला वेगळं हो-नाही आहे, म्हणून वेगळी मेल. दोन्ही गोष्टी लिफ्टच्याच आहेत हे कारण पुरेसं नाही. वस्तू एक असली तरी निर्णय दोन आहेत.

तुमच्या सहकाऱ्याचं ‘हो, चालेल’ हे विचारलेल्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे, ते रिप्लायमध्येच जायला हवं.

---

टर्मिनल

कसोटी चांगली आहे. मी त्यात एक भर घालतो, प्रश्न तोच असला तरी माणसं तीच आहेत का ते बघा. प्रश्न तोच पण एकाला वगळायचं आहे, तरीही नवी मेल. रिप्लायमध्ये एखाद्याचं नाव काढून टाकलं तरी पुढचा कुणी त्याच्या आधीच्या मेलवर रिप्लाय ऑल करतो आणि ते नाव परत येतं. ट्रेलमधून माणूस खात्रीने बाहेर काढता येत नाही.

---

शिल्पा_औंध

मान्य, पण मग लोक रिप्लाय का करतात हेही बघा ना. सात जणांचे पत्ते टाइप करायचा कंटाळा. शेवटची मेल उघडायची, रिप्लाय ऑल दाबायचं, काम झालं. निम्मे चुकीचे ट्रेल यातूनच होतात.

---

टर्मिनल

हे तुम्ही नेमकं बोललात आणि त्यावर पाच मिनिटांचा उपाय आहे. कॉम्प्युटरवर contacts.google.com उघडा, डावीकडे लेबल तयार करा, नाव द्या ‘समिती’, त्यात सातही जणांना घाला. यापुढे नव्या मेलच्या To मध्ये ‘समिती’ टाइप केलं की ते लेबल सुचवलं जातं आणि निवडलं की सगळे पत्ते भरले जातात. समिती बदलली की लेबल एकदा दुरुस्त करायचं. जुन्या ट्रेलमधली यादी मात्र कुणीच दुरुस्त करत नाही.

---

पत्रिका_रत्ना

माझं थोडं वेगळं आहे. एका विमा कंपनीकडे तक्रार केली होती, त्यांच्या मेलच्या विषयात चौकटी कंसात तक्रार क्रमांक होता. कागद पाठवताना मी विषय बदलून ‘हॉस्पिटलची बिलं’ असा केला. तर नवा तक्रार क्रमांक आला आणि जुनी तक्रार ‘कागद आले नाहीत’ म्हणून बंद झाली. इथे सगळे नवा विषय लिहा म्हणताहेत, मग माझं काय चुकलं?

---

टर्मिनल

रत्नाताई, तुमच्या मेलच्या दुसऱ्या टोकाला आधी सॉफ्टवेअर असतं. ते बऱ्याचदा विषयातला क्रमांक वाचून मेल जुन्या तक्रारीला जोडतं. क्रमांक गेला की त्याच्या दृष्टीने नवी तक्रार. म्हणून जिथे विषयात क्रमांक आहे तिथे रिप्लायच करा आणि कंसासकट क्रमांकाला हात लावू नका.

पण याचीही दुसरी बाजू आहे. जुनी तक्रार बंद झालेली असताना वेगळ्या कामासाठी त्याच मेलला रिप्लाय केला, तर काही ठिकाणी तक्रार पुन्हा उघडते, काही ठिकाणी नवा क्रमांक मिळतो आणि काही ठिकाणी मेल बंद तक्रारीत जाऊन पडते, कुणी बघत नाही. ओळखायचं कसं? पाठवल्यावर जी आपोआप पोच येते तिच्यातला क्रमांक बघा. जुनाच क्रमांक आला तर जोडली गेली. वेगळा आला तर लगेच त्या पोचेला उत्तर देऊन जुना क्रमांक कळवा. पोचच आली नाही, तर जुना क्रमांक मजकुरात लिहून त्यांच्या मूळ पत्त्यावर नवी मेल पाठवा.

---

जुनाखांब

एक मुद्दा कुणी मांडला नाही. लांबलेला ट्रेल लोक म्यूट करून टाकतात. जीमेलमध्ये संवाद म्यूट केला की त्यातली पुढची उत्तरं इनबॉक्समध्ये येत नाहीत, थेट आर्काइव्हमध्ये जातात. आउटलुकमध्ये ‘Ignore’ केलं असेल तर आणखी वाईट, पुढच्या मेल Deleted Items मध्ये जातात. साठ मेलच्या ट्रेलमध्ये दहा जण असतील तर एखाद्याने तरी हे केलेलं असणार. तिथे मंजुरी मागितली तर त्या माणसाला पत्ताच नाही.

जीमेलवाल्यांनी सर्चमध्ये हे टाकून बघावं:

```
is:muted
```

काय काय गप्प केलं होतं ते सगळं समोर येतं.

आणि ट्रेल शंभर मेलच्या पुढे गेला की जीमेल स्वतःच तो तोडतं. विषय तोच, पण दोन संवाद. मग एखादा जुन्या तुकड्याच्या तळाशी बसून नव्याची वाट बघतो.

---

वामन_ठाणे

बरीच स्पष्टता आली. एक व्यावहारिक प्रश्न. कंपनीची ती कराराची मेल नव्या मेलसोबत कशी जोडू? रिप्लाय केला तर अटॅचमेंट जात नाही असा अनुभव आहे.

---

टर्मिनल

बरोबर, रिप्लायमध्ये मूळ अटॅचमेंट जात नाही, फॉरवर्डमध्ये जाते. तुमच्यासाठी दोन मार्ग आहेत.

समितीपुरतंच असेल तर कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये ती विशिष्ट मेल उघडून तिच्या उजवीकडच्या तीन ठिपक्यांत ‘Download message’ निवडा आणि उतरलेली फाइल नव्या मेलला जोडा. ती मेल `.eml` फाइल म्हणून नव्या मेलला लागते, तारीख आणि हेडरसकट. मेल कधी आली यावर उद्या वाद झाला तर कॉपी-पेस्ट केलेल्या मजकुरापेक्षा ही फाइल बरी. मात्र त्या फाइलमध्ये तिच्या खालचा सगळा जुना मजकूरही असतो, म्हणून ती समितीबाहेर पाठवायची नाही.

कंपनीला किंवा बाहेरच्याला पाठवायचं असेल तर फक्त कराराची पीडीएफ उतरवून घ्या आणि कोऱ्या मेलला जोडा.

आपली मेल खरोखर नवी आहे का हे तपासायचं असेल तर पाठवल्यावर तिच्या तीन ठिपक्यांत ‘Show original’ उघडा आणि `In-Reply-To` व `References` शोधा. या दोन्ही ओळी नसतील आणि विषयही नवा असेल तर मेल नवी आहे, ती सहसा जुन्या झाडाखाली लागणार नाही.

---

मृण्मयी_क

स्मरणपत्राचं काय? महिनाभर उत्तर आलं नाही तर जुन्यालाच रिप्लाय करायचा की नवी? मला वाटतं नवी मेल काढावी आणि विषयात ‘तातडीचे’ लिहावं, तरच लोक उघडतात.

---

दप्तरदार

स्मरणपत्राचा विषय मूळ पत्राचाच ठेवतात, वर फक्त ‘स्मरणपत्र १’ लिहितात आणि संदर्भात मूळ पत्र घेतात. कारण मागणी तीच आहे, उत्तर त्याच मागणीचं हवं आहे. मेलमध्ये याचा अर्थ रिप्लाय, आणि तोही स्वतःच्या मूळ मेलला.

---

टर्मिनल

इथे कागद आणि मेल यांत थोडा फरक पडतो. विषयात ‘स्मरणपत्र १’ किंवा ‘तातडीचे’ घातलं की जीमेलच्या लेखी विषय बदलला, आणि संवाद तुटला. Re: किंवा Fwd: सोडून विषयात आणखी शब्द घातले की असंच होऊ शकतं. काही कंपन्यांचे सर्व्हर बाहेरून आलेल्या मेलच्या विषयात आपोआप ‘[EXTERNAL]’ घालतात, त्यांच्याकडून रिप्लाय आला की तुमच्याकडे तो वेगळाच संवाद दिसू शकतो, तेही याच कारणाने. मंजुरी मागितलेल्या मेलमध्ये हे घडलं तर चार ‘मंजूर’ एका ठिकाणी आणि तीन दुसऱ्या ठिकाणी. ‘स्मरणपत्र’ हा शब्द मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहा, विषयाला हात नको.

---

मृण्मयी_क

पण पहिली ओळ वाचायला आधी मेल उघडावी लागते! जे म्यूट करून बसलेत त्यांना तर दिसणारच नाही, जुनाखांब यांनीच सांगितलं. माझ्या मते दोनदा आठवण करून उत्तर नसेल तर नवा विषयच बरा, मतं दोन ठिकाणी विखुरली तरी चालतील.

---

जुनाखांब

मृण्मयीशी सहमत. सातच मतं आहेत, मोजता येतात.

---

दप्तरदार

मी असहमत. मोजता येतात, पण सहा महिन्यांनी हिशेब तपासनीस विचारतील तेव्हा एकच ट्रेल छापून देता आला पाहिजे. उत्तर न देणाऱ्याला फोन करा आणि मूळ मेललाच उत्तर द्यायला सांगा.

---

वामन_ठाणे

मसुदा केला आहे, बघा:

To : समिती (सात जण)
विषय : बी विंग लिफ्टचे रोप बदलणे, १,८४,००० रुपयांच्या खर्चास मंजुरी हवी
संदर्भ : ‘लिफ्ट एएमसी नूतनीकरण’ ट्रेलमधली कंपनीची कराराची मेल, सोबत जोडली आहे. करारात रोपचा खर्च धरलेला नाही.
सोबत : कंपनीचं कोटेशन, मागच्या तपासणीचा अहवाल.
कृपया याच मेलला ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ असं उत्तर रविवारपर्यंत द्यावं. एएमसीच्या दराबद्दल काही असल्यास इथे लिहू नये.

शिवाय जुन्या ट्रेलमध्ये ‘रोपचा विषय वेगळ्या मेलमध्ये घेतला आहे’ एवढी एक ओळ टाकणार आहे.

---

टर्मिनल

मसुदा उत्तम. फक्त जुन्या ट्रेलमधली ती ओळ रिप्लाय ऑलने टाकू नका, इंजिनियरांना आणि माजी सदस्यांनाही जाईल. रिप्लाय दाबून To मध्ये फक्त ‘समिती’ ठेवा. पाठवण्याआधी खालचे तीन ठिपके उघडून जुना मजकूर निवडा आणि पुसून टाका, म्हणजे उद्या कुणी तीच मेल पुढे ढकलली तरी इतर कंपन्यांचे दर बाहेर जाणार नाहीत.

---

शिल्पा_औंध

आणि मॅनेजरना सीसी करणार का? मंजुरीनंतर वर्क ऑर्डर तेच काढतील ना?

---

वामन_ठाणे

मॅनेजर आत्ता नकोत. निकाल लागला की त्यांना वेगळी मेल, तिच्यात समितीचा निर्णय आणि कोटेशन. वर्क ऑर्डरसाठी कंपनीला जाणारी मेल त्यांच्याकडून, कोरी, जुना मजकूर न ठेवता.

वार्षिक एएमसीचं नूतनीकरण पुढच्या वर्षी पुन्हा येईल. तेव्हा गेल्या वर्षीचा ट्रेल पुढे न्यायचा की ‘लिफ्ट एएमसी’ला वर्ष जोडून नवा काढायचा, यावर खजिनदारांचं आणि माझं अजून जुळलेलं नाही.

---

जुनाखांब

वर्ष जोडून नवा काढा, दर वर्षी.

---

मृण्मयी_क

मी तर एकच ठेवीन. दरवाढ किती झाली ते सलग दिसतं.

---

दप्तरदार

दरवाढ बघायला एक तक्ता करून नव्या मेलला जोडा, मृण्मयी. चार रकाने पुरतात : वर्ष, कंपनी, दर, करारात काय धरलं आहे.